निपाणीचं क्लिनिक, दोन स्विच आणि ‘पुढचा कामकाजाचा दिवस’

जानेवारी 2025 मध्ये निपाणीतल्या एका क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमांनी मला नेटवर्क स्विचच्या दोन कोटेशनचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवले आणि खाली लिहिलं, “कुठलं घेऊ, एका ओळीत सांगा.” मी एका ओळीत सांगणारच होतो. बेळगावचं महागडं घ्या, असं टाइपही केलं होतं. मग कोटेशनच्या तळाची बारीक अक्षरं मोठी करून वाचली आणि ती ओळ पुसली. चार दिवसांनी मी त्यांना दोन पानी टिपण दिलं, त्यात सल्ला नेमका उलटा होता. तो का उलटला, त्याचं हे प्रकरण.

क्लिनिक दुमजली आहे. खाली रिसेप्शन, दोन ओपीडी, औषधांचं काउंटर आणि एक्स-रे. वर सोनोग्राफी आणि सलाईन लावायला चार खाटा. जिन्याखालच्या कपाटात नेटवर्कचा स्विच. सगळ्या खोल्यांतल्या केबली तिथे येऊन मिळतात. सात संगणक, एक प्रिंटर, एक्स-रेचा कन्सोल, सोनोग्राफीचं मशीन, ओपीडीच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर, सहा कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, दोन वायफाय आणि राउटर, मिळून 21 केबली. जुना 24 पोर्टचा स्विच आठ वर्षं चालला होता. त्याचा पंखा सुपात खडे पाखडल्यासारखा वाजायचा आणि आठवड्यातून एकदा सगळं क्लिनिक गोठायचं. मग कुणीतरी कपाट उघडून त्याचा प्लग काढून परत लावायचं. बदलायचा हे ठरलेलं होतं, प्रश्न फक्त कुठला एवढाच.

पहिली ऑफर कोल्हापूरच्या डीलरची. स्विच 38,000 रुपये, वर ‘लाइफटाइम वॉरंटी’. बिघडला तर पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवायचा, तिथे पोचल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त किंवा बदलून मिळणार. फोनवरची तांत्रिक मदत पहिले 90 दिवस. नवं फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, कायम फुकट.

दुसरी ऑफर बेळगावच्या डीलरची. स्विच 52,000 आणि तीन वर्षांच्या सपोर्ट कराराचे 21,000, एकूण 73,000. करारासमोर लिहिलेलं होतं `8x5xNBD`. म्हणजे सोमवार ते शुक्रवार, दिवसाचे आठ तास मदत, आणि स्विच बिघडला तर जुना परत जाण्याची वाट न बघता पुढच्या कामकाजाच्या दिवशी बदली स्विच. फर्मवेअर मात्र करार चालू असेपर्यंतच.

यंत्र म्हणून दोघांत निवडण्यासारखं फार नव्हतं. दोन्ही 24 पोर्टचे, दोन्हींत केबलीतूनच कॅमेऱ्याला आणि वायफायला वीज देण्याची सोय, त्यासाठी दोन्हींत 195 वॅट राखलेले. सहा कॅमेरे आणि दोन वायफाय मिळून 65 वॅटच्या आसपास खातात. बेळगावच्या स्विचची बांधणी जरा भारी होती, त्याच्या काही सोयी मला स्वतःला आवडतातही. पण त्या सोयी मोठ्या कॉलेजात कामाला येतात. इथे 21 केबली. तेव्हा तुलना खरी सपोर्टच्या अटींची होती, आणि मॅडमही त्याच शब्दाला भाळल्या होत्या. “पुढच्या दिवशी नवीन मिळतो म्हणे,” असं त्या दोनदा म्हणाल्या.

मी बेळगावच्या डीलरला फोन न करता मेल केला. आपल्याकडे फोनवर “अहो, आम्ही आहोत ना” हे उत्तर सगळ्याच प्रश्नांना चालतं. ते खोटं असतं असं नाही, पण ते डीलरचं बोलणं असतं, करार कंपनीचा असतो. म्हणून तीनच प्रश्न लिहून विचारले. पुढच्या कामकाजाच्या दिवशी स्विच निपाणीत पोचतो, की डेपोतून निघतो? घड्याळ कधीपासून सुरू होतं, तक्रार केल्यापासून की कंपनीच्या इंजिनिअरनं ‘हार्डवेअर खराब आहे’ असं मान्य केल्यापासून? आणि डेपो कुठे आहे?

उत्तर यायला दोन दिवस लागले, पण प्रामाणिक आलं. डेपो बेंगळुरूत. निपाणीच्या पिनकोडला ‘पुढच्या दिवशी पोच’ लागू नाही, ‘पुढच्या दिवशी रवाना’ लागू आहे. घड्याळ बदलीला मंजुरी मिळाल्यापासून, आणि मंजुरी दुपारी तीनच्या आत झाली तरच तो दिवस धरायचा.

या एका उत्तरानं 21,000 रुपयांचा अर्थ बदलला. ते मॅडमांना पटावं म्हणून मी टिपणात नुकत्याच झालेल्या दिवाळीचा हिशेब मांडला. समजा, स्विच बुधवारी 30 ऑक्टोबर 2024 ला दुपारी बंद पडला. फोन लावला, इंजिनिअरनं आधी प्लग बदलून बघा, मग कन्सोल केबल लावून अमुक ओळी पाठवा असं सांगितलं. हे ते सांगणारच, कारण चांगला स्विच खराब समजून परत मागवणारे गिऱ्हाईक भरपूर. मंजुरीला चार वाजले. तीन वाजून गेले म्हणून बुधवार गेला. गुरुवारी 31 ला नरकचतुर्दशी, शुक्रवारी 1 नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव, शनिवारी पाडवा, मग रविवार. डेपो कर्नाटक सरकारच्या सुट्ट्या पाळतो असं धरलं, तर मंजुरी मोजली जाते सोमवारी 4 तारखेला. त्याचा ‘पुढचा कामकाजाचा दिवस’ मंगळवार 5. त्या दिवशी खोका बेंगळुरूहून निघणार आणि कुरिअरनं निपाणीत यायला दोन दिवस. गुरुवारी 7 तारखेला नवा स्विच. बुधवार ते पुढचा गुरुवार, आठ दिवस. आणि यात कुणीही कराराचा भंग केलेला नाही.

दिवाळीचं उदाहरण मुद्दाम वाईटातलं घेतलं होतं, ते टिपणात कबूल केलं. साध्या आठवड्यात मंगळवारी सकाळी बिघडला तर शुक्रवारपर्यंत स्विच हातात पडेल. पण मग ते ‘पुढच्या दिवशी’ नव्हे, तीन दिवसांनी. शिवाय क्लिनिक शनिवारी पूर्ण चालतं, करार शनिवारी झोपतो. शुक्रवारी संध्याकाळी बिघडलेल्या स्विचसाठी सोमवारपर्यंत फोन उचलणारंही कुणी नाही.

बेंगळुरूत किंवा डेपो असलेल्या दुसऱ्या शहरात हाच करार खरंच मोलाचा ठरू शकतो. सीमाभागात आपण दोन्ही राज्यांच्या डेपोंपासून लांब पडतो, म्हणून तोच कागद इथे हलका होतो. हे डीलरच्या हातात नाही.

आता कोल्हापूरच्या ऑफरमधली ‘लाइफटाइम’. या शब्दावर मॅडमांचा भरवसा कमी होता आणि तो बरोबर होता. लाइफटाइम म्हणजे डॉक्टरांची हयात नव्हे आणि क्लिनिकचीही नव्हे. कंपनी ते मॉडेल विकायचं थांबवते, त्यानंतर ठरावीक वर्षांनी ही हयात संपते. या वॉरंटीपत्रात ती पाच वर्षं होती. त्यातही पंखा आणि आतला पॉवर सप्लाय यांना वेगळी, कमी मुदत होती, दोन वर्षं. स्विचमध्ये आधी जातात ते नेमके हेच दोन भाग. आणि वॉरंटी फक्त पहिल्या खरेदीदाराला. म्हणून बिल क्लिनिकच्या नावानं हवं आणि सीरियल नंबरची नोंदणीही क्लिनिकच्या मेलवर हवी. काही डीलर सोय म्हणून स्वतःच्या मेलवर नोंदवतात, आणि तीन वर्षांनी तो डीलर धंदा बदलून गेला की मालकी सिद्ध करत बसावं लागतं. कोल्हापूरच्या डीलरनं हे लगेच मान्य केलं, मॉडेल अजून विक्रीत आहे याचा कंपनीचा मेलही पुढे पाठवला.

पण तरी बिघडल्यावर तो पुण्याला जाणार, येणार, मध्ये दहा दिवस. जाता-येता धरून जवळपास तीन आठवडे. त्यात राज्याची सीमा ओलांडायची म्हणून कुरिअरवाला ‘दुरुस्तीसाठी, विक्रीसाठी नाही’ असं पत्र मागतो. ते लेटरहेडवर लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात, पण माहीत नसेल तर खोका दोन दिवस काउंटरवर पडून राहतो. म्हणजे एकीकडे तीन ते आठ दिवस, दुसरीकडे तीन आठवडे. क्लिनिक दोन्हीकडे बंदच.

इथपर्यंत आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चुकीची दोन टोकं मोजतोय. कुणाचा बदली स्विच लवकर येतो हे मी बघत होतो. क्लिनिकला हवं होतं ते क्लिनिक लवकर चालू होणं, आणि त्यासाठी बदली स्विच जिन्याखालच्याच कपाटात असला तर बेंगळुरू काय आणि पुणे काय.

कोल्हापूरचा एक स्विच 18 टक्के जीएसटी धरून 44,840 रुपये. दोन घेतले तर 89,680. बेळगावचा एक स्विच आणि तीन वर्षांचा करार जीएसटी धरून 86,140. फरक 3,540 रुपयांचा. जीएसटी धरूनच मोजायचं, कारण डॉक्टरांची सेवा करमुक्त आहे आणि त्यामुळे यंत्रावर भरलेला कर त्यांना परत वळता करून घेता येत नाही. दुकानदाराची गोष्ट वेगळी, तो कर वगळून तुलना करतो आणि त्याचं बरोबर असतं. कोल्हापूरहून आणलं तर बिलावर आयजीएसटी, बेळगावहून आणलं तर केंद्राचा नऊ आणि राज्याचा नऊ, रक्कम एकच. मॅडमांना वाटत होतं की महाराष्ट्रातून आणलं की जादा कर बसतो. तो जीएसटीच्या आधीच्या जमान्यातला समज आहे.

चौथ्या वर्षाचं विचारलं तर बेळगावहून तोंडी उत्तर आलं, वर्षाला आठेक हजार. लिहून मिळालं नाही. तो आकडा खरा धरला तर पाच वर्षांचा खर्च 1,05,020 होतो. आणि एखाद्या वर्षी नूतनीकरण विसरलं तर नंतर मधल्या काळाचे पैसेही भरावे लागतात, ही अट करारात होती. करार संपला की फर्मवेअरही बंद. याची किंमत पटकन दिसत नाही. स्विचच्या लॉगिन पानात एखादी फट सापडते, कंपनी ती बुजवून नवी आवृत्ती काढते, आणि आपल्याला ती मिळत नाही. ज्या स्विचवरून पेशंटचं वायफाय आणि एक्स-रेचा कन्सोल दोन्ही जातात, त्याच्या बाबतीत मला ही अट आवडत नाही.

“मग दुसरा साधा, स्वस्तातला स्विच ठेवला तर?” मॅडमांनी विचारलं. रास्त प्रश्न. बारा हजारांत मिळाला असता. पण या क्लिनिकच्या स्विचमध्ये तीन वेगळी जाळी आखलेली आहेत: क्लिनिकची यंत्रं, कॅमेरे आणि पेशंटचं वायफाय. साध्या स्विचला ही आखणी कळत नाही, त्याच्यावर सगळे एकाच अंगणात येतात. बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या मोबाइलला एक्स-रेचा कन्सोल दिसायला लागेल. म्हणून राखीव स्विच त्याच मॉडेलचा, त्याच फर्मवेअरचा, आखणी आधीच भरून ठेवलेला हवा.

टिपणातला शेवटचा मुद्दा मी लिहिला तेव्हा मला स्वतःलाही तो जरा लांबणीचा वाटला होता. दोन्ही वॉरंटीपत्रांत, वेगवेगळ्या शब्दांत, एकच वगळणूक होती: वीज पडल्यानं किंवा विजेच्या दाबातल्या चढउतारानं झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये वळीव येतो तेव्हा काय होतं हे निपाणीकरांना सांगायला नको. वीज थेट स्विचवर पडावी लागत नाही. ती जवळ कुठेतरी पडते, गेटवरच्या कॅमेऱ्याची तांब्याची केबल उघड्यावरून 30 मीटर आलेली असते, आणि त्या केबलीत उठलेला झटका सरळ स्विचच्या पोर्टात शिरतो. यूपीएस इथे कामाचा नाही, तो मागच्या दारावर पहारा देतो आणि चोर पुढून येतो. मी या भागात बदललेल्या स्विचांपैकी बरेच असेच गेलेले आहेत. म्हणजे बिघडण्याचं जे कारण इथे सगळ्यात संभवतं, तेच दोन्ही ऑफरमध्ये बाहेर ठेवलेलं. करार घ्या किंवा लाइफटाइम घ्या, वळवाच्या दिवशी दोन्ही कागद सारखेच.

टिपणाचा जो भाग मॅडमांनी प्रत्यक्ष वाचला, असं त्या म्हणतात, तो एवढाच:

“मॅडम, बेळगावची ऑफर वाईट नाही. डेपो असलेल्या शहरात तुमचं क्लिनिक असतं तर मी तीच घ्या म्हटलं असतं. निपाणीत मात्र ‘पुढच्या दिवशी’चा अर्थ साध्या आठवड्यात तीन दिवस आणि सणासुदीत आठ दिवसांपर्यंत होतो, हे त्यांनी स्वतः लिहून दिलेल्या अटींतूनच निघतं. माझा सल्ला, कोल्हापूरचे दोन स्विच घ्या. एक लावू, दुसरा आखणी भरून कपाटात ठेवू. पहिला गेला तर अर्ध्या तासात दुसरा लागेल, मग पहिला पुण्याला तीन आठवडे फिरून आला तरी हरकत नाही. यात तुम्ही एक गोष्ट गमावता: 90 दिवसांनंतर कंपनीचा इंजिनिअर फोनवर मिळणार नाही. त्या जागी मी आहे, आणि मी गावाला गेलो तर कोल्हापूरचा डीलर आहे, त्याची एका फेरीची फी 1,500. दुसरी गोष्ट, कपाटातल्या स्विचची वॉरंटीही बिलाच्या तारखेपासूनच चालू होते, तो न वापरता जुना होतो. तिसरी, गेटच्या कॅमेऱ्याच्या केबलीला सर्ज प्रोटेक्टर आणि त्याला चांगलं अर्थिंग लावा. दीड हजाराचं काम आहे. हे मी कुठलाही स्विच घेतला तरी सांगितलं असतं.”

मॅडमांनी त्याच संध्याकाळी विचारलं, स्विच बंद असताना त्यांचं नेमकं काय अडतं हे मी मोजलंय का. मोजलं होतं. एक दिवस कागदावर ओपीडी चालते, यूपीआय मोबाइलवर चालतं, एक्स-रेचा फोटो कन्सोलच्या पडद्यावर उठून जाऊन बघता येतो. दुसऱ्या दिवसापासून जुने पेशंट यायला लागतात आणि त्यांची मागची नोंद सर्व्हरमध्ये अडकलेली असते. तिसऱ्या दिवशी कागदावरचं सगळं परत भरायचं काम डोंगराएवढं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दोन स्विच मागवले. सर्ज प्रोटेक्टर “पुढच्या महिन्यात बघू” म्हणाल्या. दोन्ही एकाच बिलावर म्हणजे पन्नास हजारांच्या वर, त्यामुळे डीलरला ई-वे बिल काढावं लागलं आणि माल एक दिवस उशिरा आला.

फेब्रुवारीत बसवले. पहिल्याची आखणी पूर्ण झाल्यावर ती सर्व्हरवर उतरवून घेतली:

```
copy running-config tftp://192.168.10.5/clinic-sw1.cfg
```

आणि तीच दुसऱ्यात भरली. इथे एक गंमत झाली, ती न बघता कपाट बंद केलं असतं तर पुढे तिनं रडवलं असतं. दुसरा खोका वेगळ्या लॉटचा होता, त्यात फर्मवेअर जुनं होतं, आणि त्यानं आखणीतल्या दोन ओळी नाकारल्या. त्या दोन ओळी पेशंटच्या वायफायला वेगळं ठेवणाऱ्याच होत्या. पडद्यावर दोन छोट्या सूचना येऊन गेल्या, पोर्टांचे दिवे मात्र सगळे हिरवे. आधी फर्मवेअर सारखं केलं, मग आखणी परत भरली, मग पेशंटच्या वायफायवरून एक्स-रेच्या कन्सोलला पिंग करून बघितलं. उत्तर आलं नाही, म्हणजे बरोबर.

मग रंगीत तालीम. रविवारी सकाळी मी कोल्हापूरला थांबलो आणि रिसेप्शनवरच्या ताईंना फोनवर सांगितलं, आता स्विच बदला. केबलींना नंबर चिकटवलेले होते, कपाटाच्या दारावर मोठ्या फोटोत तेच नंबर होते. पहिल्या खेपेला 34 मिनिटं लागली. त्यातली दहा मिनिटं राउटर बोलेना म्हणून गेली, कारण त्याची फायबरची केबल ज्या चिमुकल्या मॉड्यूलात बसते ते मॉड्यूल जुन्या स्विचमध्येच राहिलं होतं. ताईंनी ते काढलं, नव्यात घातलं, खट्ट आवाज आला म्हणाल्या. दुसऱ्या खेपेला 19 मिनिटं. मॅडम तेव्हा पहिल्यांदा खूश दिसल्या असं ताईंनी सांगितलं.

मे महिन्यात एका शनिवारी संध्याकाळी साडेपाचला वळीव आला. गारा, वारा, आणि गावाच्या कडेला कुठेतरी एक वीज. सर्ज प्रोटेक्टर अजून “पुढच्या महिन्यात”च होता. ताईंचा फोन आला, गेटचा कॅमेरा गेला, औषधांच्या काउंटरचा संगणक गेला, वायफाय एक चालतंय एक नाही. मी फोटो मागवला. स्विचचे पोर्ट 17 ते 24 काळे, एक दिवा नाही, बाकीचे सोळा हिरवे. हे लक्षण ओळखीचं आहे: आत एकेका चिपवर आठ-आठ पोर्ट असतात, झटका 17 नंबरातून, म्हणजे गेटच्या कॅमेऱ्यातून, शिरला आणि शेजारचे सातही घेऊन गेला. सॉफ्टवेअर बिघडलं असतं तर दिवे असे एका ओळीत सलग मेले नसते. ताईंना म्हटलं, नाक जवळ न्या. “जळकं येतंय,” त्या म्हणाल्या.

स्विच बदलायला 25 मिनिटं लागली. सहा वाजून दहा मिनिटांनी ओपीडी सुरू होती, गेटचा कॅमेरा सोडून. बेळगावचा करार असता तर पहिला फोन सोमवारी उचलला गेला असता, आणि वीज म्हटल्यावर ठेवलाही गेला असता.

तरी जळलेला स्विच मी पुण्याला पाठवायला सांगितला, लेटरहेडवरच्या पत्रासकट. न विचारता नाही म्हणवून घेण्यात अर्थ नाही. बाराव्या दिवशी मेल आला: पोर्टाच्या भागात जळल्याच्या खुणा, वॉरंटी लागू नाही, दुरुस्ती शक्य नाही, परत पाठवत आहोत. सोबत उघडलेल्या स्विचचा फोटो होता. 17 नंबरच्या खाचेमागे हिरव्या बोर्डावर तीळभर काळा डाग.

मॅडमांनी फोटो बघून आधी विचारलं ते सर्ज प्रोटेक्टर लावायला माणूस कधी येईल. तो दुसऱ्या दिवशी गेटच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा खणत होता. मग विचारलं, तिसरा स्विच घ्यावा लागेल का. नको म्हटलं. सोळा पोर्ट शाबूत आहेत. सहा कॅमेरे सोडले तर क्लिनिकच्या पंधरा केबली त्यात बसतात आणि कॅमेऱ्यांशिवाय ओपीडी चालते. त्या सोळा पोर्टांसाठी आखणी बदलून भरली, दारावरच्या फोटोशेजारी दुसरा फोटो लावला आणि तो परत कपाटात गेला. 17 ते 24 वर ताईंनी पांढरी चिकटपट्टी लावली आहे. तिच्यावर निळ्या पेनानं मराठीत ‘इथे लावू नका’ आणि खाली त्याच अर्थाचं कन्नडमध्ये लिहिलं आहे, कारण संध्याकाळच्या पाळीची मुलगी चिक्कोडीकडची आहे.